सात वर्षांच्या मुलीचा डबा: दोन पोळ्या, भाजी, एक अंडं आणि खरे मॅक्रो

प्रश्न: नमस्कार मॅडम, मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत, वजन 21 किलो. डब्यात 2 पोळ्या, कोणतीतरी सुकी भाजी अन् 1 उकडलेलं अंडं देते. एका अ‍ॅपमध्ये टाकलं तर 280 कॅलरी दाखवते, दुसऱ्यात 480, प्रोटीन पण वेगवेगळं. पार गोंधळ होऊन राहिला. खरे मॅक्रो किती, तिला हे पुरतं का, आणि अंड्यातलं पिवळं काढून द्यायचं का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर:

ताई, आधी आकडे देते मग ते कुठून आले ते सांगते. तुमच्यासारखा डबा माझ्या हिशेबाने साधारण 350 कॅलरी, प्रोटीन 12 ते 13 ग्रॅम, कार्ब 37 ग्रॅम, फॅट 15 ग्रॅमच्या आसपास बसतो. पिवळं काढू नका. आणि दोन्ही अ‍ॅप तशी खोटी नाहीत, फक्त ती तुमच्या घरची पोळी मोजत नाहीयेत.

पहिल्या अ‍ॅपने बहुतेक दोन छोटे फुलके धरलेत, तेल न लावलेले, 80-80 कॅलरीचे, सोबत जवळपास उकडलेली भाजी 45 कॅलरीची अन् अंडं 70 चं, झाले 275. दुसऱ्याने मोठी पोळी धरली, एकेकीत 40 ग्रॅम कणीक, वरून तेल, भाजी तेलाची आणि अंड्याचं आमलेट, ते बरोबर पाचशेच्या जवळ जातं. म्हणजे "1 चपाती" हे मापच नाही हो. गोकुळपेठेतल्या एका घरची पोळी आणि शेजारच्या घरची पोळी यांच्यात दुपटीचा फरक असू शकतो, हे मी रोज बघते. कोणी पापडासारखी पातळ लाटतं, कोणी जाड घडीची करतं, आणि अ‍ॅपला ते कळायचा काही मार्ग नाही.

म्हणून पोळी मोजायची नाही, कोरडी कणीक मोजायची. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून थोडा सविस्तर सांगते. घरात किचनचा डिजिटल काटा असेल तर उत्तम, नसेल तर साधा घ्या, एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. परातीत 100 ग्रॅम कोरडी कणीक घ्या, नेहमीसारखी भिजवा. साधारण 60-65 ग्रॅम पाणी लागतं, म्हणजे गोळा 160-165 ग्रॅमचा होतो. त्याचे चार सारखे उंडे करा, प्रत्येक उंडा 41 ग्रॅमच्या आसपास येईल आणि प्रत्येकात कणीक असेल 25 ग्रॅम. सात वर्षांच्या मुलीच्या डब्यासाठी ही पोळी बरोबर मापाची, हाताच्या पंजापेक्षा जरा मोठी होते. भाजल्यावर तीच पोळी 33-34 ग्रॅम भरते कारण तव्यावर पाणी उडतं. आता बघा, पोळी एकच पण वजन तीन झाली, कणीक 25, उंडा 41, भाजलेली 33. कॅलरी तिन्हीत तितक्याच. लोक काय करतात, उंडा काट्यावर ठेवतात, 41 आलं की अ‍ॅपमध्ये "गव्हाचं पीठ 41 ग्रॅम" टाकतात, आणि एका पोळीच्या 82 ऐवजी 135 कॅलरी होतात. दोन पोळ्यांमागे शंभरावर कॅलरी हवेत वाढल्या. तुमच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये असं काही झालंय का ते एकदा बघा.

कणकेचा हिशेब सोपा आहे. 100 ग्रॅम गव्हाच्या कणकेत (कोंड्यासकट) साधारण 330 कॅलरी, प्रोटीन साडेदहा ग्रॅम, कार्ब 64, फॅट दीड ग्रॅम आणि फायबर 11 च्या आसपास. म्हणजे तुमच्या 50 ग्रॅम कणकेत 165 कॅलरी, प्रोटीन 5, कार्ब 32, फॅट 1 पण नाही धड. चक्कीवरून दळून आणलेलं चाळून कोंडा टाकत असाल तर फायबर कमी होईल, बाकी आकडे फार हलत नाहीत. लाटताना लावायचं पीठ पोळीमागे एक-दोन ग्रॅम जातं, ते सोडून द्या.

आता तेल. विदर्भात आपली पोळी घडीची असते, आत तेलाचं बोट फिरतं, शेकताना किंवा डब्यात ठेवताना वरून परत तेल किंवा तूप. बायका मला सांगतात "मॅडम नावालाच लावते", मग मी म्हणते वाटीत तेल घ्या, वाटी काट्यावर ठेवून वजन लिहा, सगळ्या पोळ्या करा आणि परत वजन करा, जेवढं कमी झालं त्याला पोळ्यांच्या संख्येने भागा. साधारण अर्धा छोटा चमचा एका पोळीला जातोच, म्हणजे सव्वादोन ग्रॅम, 20 कॅलरी. दोन पोळ्यांना 40. तर पोळ्यांच्या झाल्या 205.

भाजीत खरी गंमत आहे, कारण भाजी फक्त मुलीसाठी वेगळी होत नाही, घराची एकच कढई असते. म्हणून अख्खी कढई मोजायची आणि वाटा काढायचा. समजा फ्लॉवर-बटाट्याची भाजी आहे. साफ केलेला फ्लॉवर 400 ग्रॅम, सोललेला बटाटा 200 ग्रॅम, तेल 40 ग्रॅम (तेलाची बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवली की कळतं), मसाला, सांभार वगैरे मोजू नका, त्याने काही फरक पडत नाही. फ्लॉवरच्या साधारण 95 कॅलरी, बटाट्याच्या 145, तेलाच्या 360. एकूण 600. भाजी शिजून कढईत समजा 600 ग्रॅम राहिली, मुलीच्या डब्यात गेली 75 ग्रॅम, म्हणजे आठवा भाग. तर तिच्या वाट्याला 75 कॅलरी, प्रोटीन जेमतेम दीड ग्रॅम, कार्ब 5, फॅट 5. या 75 मधल्या 45 कॅलरी तेलाच्या आहेत हे लक्षात घ्या, म्हणजे अ‍ॅपमध्ये "फ्लॉवर भाजी 75 ग्रॅम" टाकलं आणि त्याने कच्चा फ्लॉवर धरला तर 18-20 कॅलरीच दाखवेल. भेंडी असो, गवार असो, पत्ताकोबी असो, डब्यापुरत्या भाजीत कॅलरी भाजीवर कमी आणि तेलावर जास्त ठरते. बटाटा एकटा असेल तर कार्ब वाढतील तेवढाच फरक. एक मर्यादा सांगून ठेवते, रश्शाच्या भाजीत हा आठव्या भागाचा हिशेब नीट लागत नाही कारण तर्री वर राहते आणि डब्यात आपण फोडी वेचून घालतो, तेल कढईतच राहतं. सुक्या भाजीत बराच नीट लागतो.

अंडं सगळ्यात सरळ. मध्यम अंडं कवचासकट 55 ग्रॅम, आतलं 48 च्या आसपास. प्रोटीन 6 ग्रॅम, फॅट 5 ग्रॅमच्या जरा आत, कार्ब नसल्यात जमा, कॅलरी 65-70. उकडलं तर एवढंच. भुर्जी किंवा आमलेट केलं की एक छोटा चमचा तेल म्हणजे 40 कॅलरी आणखी.

बेरीज करा, 205 अधिक 75 अधिक 70, झाले 350. प्रोटीन 5 अधिक दीड अधिक 6, साडेबारा. कार्ब 37. फॅट पंधरा-साडेपंधरा, यातलं जवळपास दोन तृतीयांश आपण ओतलेलं तेल आहे आणि बाकी अंड्याचं. टक्क्यात काढलं तर फॅटचा वाटा 40 टक्क्यांपर्यंत जातो आणि आया इथे घाबरतात. घाबरू नका, एका डब्याची टक्केवारी काढून काही कळत नाही, संध्याकाळी वरण-भात खाल्ला की दिवसाचा तोल वेगळा दिसतो. लहान पोट आहे, एका वेळी फार अन्न मावत नाही, थोड्या अन्नात ऊर्जा हवी असेल तर तेल-तूप लागतंच. सात वर्षांच्या सडपातळ मुलीच्या पोळीवरचं तेल काढून टाकायला मी कधीच सांगत नाही.

आता पुरतं का. राष्ट्रीय पोषण संस्था आणि आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीत 7 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला साधारण 1700 कॅलरी आणि 23 ग्रॅम प्रोटीन दिलंय, पण ते 25 किलोच्या मुलासाठी. तुमची मुलगी 21 किलोची, त्या प्रमाणात तिला 1400 कॅलरी आणि 19-20 ग्रॅम प्रोटीन येतं. म्हणजे 350 चा डबा बरोबर दिवसाचा चौथा भाग, शाळेतल्या एका जेवणाला हे छान माप आहे. आणि प्रोटीन बघा, साडेबारा ग्रॅम, दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त एकाच डब्यात! घरी दूध, वरण, थोडं दही असेल तर तिचं प्रोटीन आरामात होतं. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी बऱ्याच आया "प्रोटीन कमी पडतं का" म्हणून पावडरचा डबा घेऊनच येतात, तो पैसा वाचवा. अंड्याचं काम फक्त ग्रॅम वाढवणं नाही. गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा एक घटक कमी असतो, अंड्यात तो भरपूर असतो, दोन्ही एका जेवणात आले की पोळीचं प्रोटीन पण शरीराला जास्त चांगलं वापरता येतं. डाळीने पण हेच काम होतं, म्हणून अंडं नसलेल्या दिवशी डाळीचं काही ठेवा.

पिवळ्याबद्दल. प्रोटीन फक्त पांढऱ्यात असतं असा समज आहे, तसं नाही. 6 पैकी साधारण अडीच-पावणेतीन ग्रॅम पिवळ्यात असतं. आणि व्हिटॅमिन ए, डी, बी 12 चा मोठा भाग, कोलीन हे सगळं पिवळ्यातच. पिवळं काढलं की अंड्याच्या 70 कॅलरीच्या 17 राहतात. जिममधल्या मोठ्या माणसांचा नियम वाढत्या पोरीला लावू नका. मुलीला पिवळं आवडतच नसेल तर ती गोष्ट वेगळी, मग कुस्करून भुर्जीत घाला.

पण हे सगळं डब्यात जातं त्याचं झालं, पोटात जातं त्याचं नाही. मला विचाराल तर तुमचा खरा आकडा डबा परत आल्यावर कळेल. तीन शाळेचे दिवस घ्या, डबा भरताना वजन लिहा आणि संध्याकाळी उरलेलं वजन करा. एक पोळी आणि अर्धी भाजी परत आली तर 140 कॅलरी गेल्या, पोटात 210 गेल्या. अंडंच परत आलं तर प्रोटीन साडेबारावरून साडेसहावर आलं. अशा वेळी तिसरी पोळी घालून उपयोग नसतो, ती पण परत येते. काय परत येतं ते बघा, कारण तिथे सापडतं. पोळी परत येते तेव्हा बहुतेक ती वातड झालेली असते किंवा सुट्टीत चावून संपवायला वेळ पुरत नाही. त्यावर उपाय म्हणजे कणीक जरा सैल भिजवा, पोळी गरम असतानाच तेल लावून फडक्यात ठेवा, वाफ गेली की डब्यात, आणि आख्ख्या घडीऐवजी भाजी आत घालून गुंडाळी करून दोन तुकडे करा. माझ्या पाहण्यात हाताने तोडून खायची पोळी आणि हातात धरून चावायची गुंडाळी यात मुलं गुंडाळी लवकर संपवतात.

अंडं परत येतं ते बहुतेक वासामुळे. डबा उघडला की शेजारची मुलं नाक दाबतात, तुमची मुलगी झाकण लावून टाकते, आणि घरी येऊन सांगते भूक नव्हती. हा वास जास्त उकडण्यामुळे वाढतो. अंडं कापून बघा, पिवळ्याच्या भोवती हिरवट-राखाडी कडा दिसली की समजायचं जास्त उकडलं गेलं. पांढऱ्यातून गंधकाचा वायू सुटतो, पिवळ्यातल्या लोहाशी मिळून ती कडा तयार होते. खायला अपाय नाही पण वास येतो. म्हणून पाण्याला उकळी फुटली की अंडं हळूच सोडा, 9-10 मिनिटं मंद उकळीवर ठेवा, मग लगेच गार पाण्यात टाका, पाणी एकदा बदला. पूर्ण गार झाल्यावर सोला, कोरडं पुसा, वेगळ्या छोट्या डबीत ठेवा. गरम अंडं, गरम पोळी एकत्र झाकण लावून दिली तर वाफेने पोळी पण लगदा होते आणि वासही सगळ्याला लागतो. तरी नाही खाल्लं तर सुकी भुर्जी करून पोळीत गुंडाळा, कांदा-सांभार घातल्यावर वास दबतो. भुर्जीचा 1 चमचा तेलाचा हिशेब धरला तर डबा 390 ला जाईल, भाजी थोडी कमी मावेल, चालतं.

आता नागपूरचं म्हणून एक सांगायलाच पाहिजे. बाहेर 32 डिग्रीच्या वर तापमान असेल तर शिजवलेलं अंडं एका तासाच्या वर बाहेर ठेवू नये, त्याखाली असेल तर दोन तास, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळची शाळा असली तर अंड्याचं जमतं, अंडं त्याच दिवशी सकाळी उकडलेलं हवं, रात्रीचं नको, अर्धं कापून नको, पिवळं पूर्ण घट्ट झालेलं हवं. पण मार्चपासून, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पण, स्कूल व्हॅनमध्ये आणि वर्गाच्या खिडकीजवळ दप्तर तापतं, तिथे अंडं मी देत नाही. अंडं सकाळी घरी खाऊ घाला किंवा घरी आल्यावर. त्याच्या जागी डब्यात 15 ग्रॅम फल्लीदाण्याचं कूट सुक्या चटणीत द्या, प्रोटीन पावणेचार ग्रॅम आणि 85 कॅलरी मिळतात (शाळेत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल असेल आणि मनाई असेल तर नको), नाहीतर 20 ग्रॅम फुटाणे, त्यात प्रोटीन 4 ग्रॅमच्या आसपास. अंड्याएवढं प्रोटीन नाही होत पण अंडं त्या दिवशी घरी झालंच आहे, दिवसाची बेरीज कमी होत नाही.

डब्यात एक गोष्ट कमी वाटते ती आंबट फळाची. कणकेतलं आणि भाजीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, सोबत व्हिटॅमिन सी असलं की जास्त शोषलं जातं. हंगामात आपल्याकडे संत्री काय कमी आहेत का, अर्ध्या संत्र्याच्या फोडी सुटीच्या डबीत द्या, 20-25 कॅलरी आणि 5-6 ग्रॅम कार्ब वाढतील, बाकी वर्षभर भाजीवर लिंबू पिळून द्या. कॅल्शियमचं मात्र या डब्यावर सोडू नका, पोळी-भाजी-अंड्यात ते थोडंच असतं, त्यासाठी दूध-दही घरी लागेल.

हे माझे आकडे 10-15 टक्के इकडेतिकडे होतील, अंडं लहान-मोठं असतं, कणीक वेगळी असते, आणि निरोगी मुलीसाठी तेवढी अचूकता पुरेशी आहे. एकदा तीन दिवस मोजलं की काटा ठेवून द्या, रोज तिच्यासमोर डबा तोलू नका, मुलींच्या डोक्यात ते वजनाचं भूत फार लवकर बसतं. टाइप 1 डायबिटीस असलेल्या मुलीचा डबा असता तर मी हे 37 ग्रॅम कार्ब पोळीनुसार, बटाट्यानुसार वेगळं काढून दिलं असतं कारण इन्सुलिनचा डोस त्यावर ठरतो, तिथे अंदाज चालत नाही आणि ते तिच्या डॉक्टरसोबत बसूनच करायचं.

तुमच्या मुलीचं 21 किलो वजन सात वर्षांच्या मुलीसाठी ठीक आहे, पण एका वजनावरून मी काही सांगणार नाही. दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही लिहून ठेवा, त्याच काट्यावर, सकाळी, हलक्या कपड्यात. दोन्ही वर सरकत असतील तर हा डबा बरोबर चाललाय. सहा महिने वजन जागेवरच राहिलं, किंवा वजन खाली आलं, तर डब्यात तूप वाढवत बसू नका, पिडियाट्रिशियनला दाखवा, हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि येताना डब्याचे ते तीन दिवसांचे आकडे सोबत ठेवा, भरलेलं आणि परत आलेलं दोन्ही.